सुट्टीच्या तारखा बदलल्या, हे परिपाठात सांगताना या चुका टाळा

सुट्टीच्या तारखा बदलल्याचे पत्र हातात येते, मुख्याध्यापक ते घेऊन माइकसमोर उभे राहतात आणि जसेच्या तसे वाचून दाखवतात. मुले शांतपणे ऐकतात. वर्गात गेल्यावर मात्र पहिल्या तासाला प्रत्येक बाकावर वेगळी तारीख ऐकू येते. ‘मुलांचे लक्ष नसते,’ असे आपण म्हणून टाकतो. पण अशा घोषणा बारकाईने ऐकल्या तर दोष बहुतेक वेळा मजकुरातच सापडतो. पत्र डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेले असते. वाचणारा मागे जाऊन पुन्हा बघू शकतो, तारखेवर बोट ठेवू शकतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला यातले काहीच करता येत नाही. वाक्य एकदा कानावरून गेले की गेले.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, शाळा सोमवार ते शुक्रवार भरते. सुट्टी आधी सोमवार १२ नोव्हेंबर ते शुक्रवार २३ नोव्हेंबर अशी ठरली होती. आता ती सोमवार १९ नोव्हेंबर ते शुक्रवार ३० नोव्हेंबर अशी झाली. आज मंगळवार, ६ नोव्हेंबर आहे आणि परिपाठात हे सांगायचे आहे. पत्रातली भाषा साधारण अशी असते:

‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, शैक्षणिक दिनदर्शिकेत अंशतः बदल करण्यात आला असून, दिनांक १२ नोव्हेंबर ते २३ नोव्हेंबर या कालावधीत नियोजित असलेली सुट्टी काही अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात आली आहे. सदर सुट्टी आता दिनांक १९ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबर या कालावधीत राहील. याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

यात चूक एकही नाही, तरी मुलाला हवी असलेली एकही गोष्ट यात थेट सांगितलेली नाही.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक: सुट्टीच्या तारखा सांगणे

हे विचित्र वाटेल. घोषणाच सुट्टीच्या तारखांची आहे, मग दुसरे काय सांगायचे? पण मुलाच्या जागी उभे राहून बघा. त्याला कळायला हवे ते एवढेच, की शाळेत कोणत्या दिवशी यायचे. सुट्टीच्या तारखा सांगितल्या की शाळेचे दिवस त्याला मनातल्या मनात काढावे लागतात. ‘सुट्टी १९ पासून’ म्हणजे १९ला शाळा आहे की नाही? मधल्या शनिवार-रविवारचे काय? ‘३० तारखेपर्यंत सुट्टी’ म्हणजे ३० तारखेला यायचे, की दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी शनिवार, त्यानंतर रविवार, म्हणजे शाळा प्रत्यक्षात भरणार ३ डिसेंबरला. आणि ही तारीख पत्रात कुठेच नाही! मोठा माणूस कॅलेंडर समोर घेऊन हा हिशोब करतो. आठ वर्षांच्या मुलाकडून तो उभ्या उभ्या, कानावर आलेल्या चार तारखांमधून करून घ्यायचा, हे अन्यायाचे आहे.

माझे ठाम मत आहे की अशा घोषणेत सुट्टीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख उच्चारूच नये. त्याऐवजी शाळेचे दिवस सांगावेत, आणि तेही तीनच. पहिला, जो आधी सुट्टीचा होता आणि आता शाळेचा झाला. दुसरा, सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. तिसरा, शाळा पुन्हा भरण्याचा दिवस. आपल्या उदाहरणात ते दिवस आहेत सोमवार १२ नोव्हेंबर, शुक्रवार १६ नोव्हेंबर आणि सोमवार ३ डिसेंबर.

या तिघांतला पहिला सर्वांत धोक्याचा, आणि नेमका तोच नेहमी गाळला जातो. मुलांच्या डोक्यात १२ तारीख सुट्टीचा पहिला दिवस म्हणून कित्येक आठवड्यांपासून पक्की बसलेली असते. नव्या तारखा ऐकल्या म्हणून ती आपोआप पुसली जात नाही. ‘बारा तारखेला शाळा आहे’ हे वाक्य स्वतंत्रपणे, सरळ उच्चारल्याशिवाय काही मुले त्या सोमवारी घरीच राहणार.

सुट्टी उशिरा न जाता आधी आली, तर धोका दुसऱ्या टोकाला सरकतो. तेव्हा सुट्टीच्या शेवटी अशा तारखा उरतात, ज्या आधी सुट्टीच्या होत्या आणि आता शाळेच्या झाल्या. म्हणून मजकूर लिहिण्यापूर्वी जुन्या आणि नव्या तारखा कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणावून बघाव्यात. जुना रंग आहे पण नवा नाही, असा पहिला शाळेचा दिवस कोणता, ते लगेच दिसते. त्या दिवसासाठी एक पूर्ण वाक्य राखून ठेवायचे.

‘पुढे ढकलली’ आणि ‘पुढच्या सोमवारी’

सुट्टी पुढे ढकलली म्हणजे उशिरा होणार, हे मोठ्यांना कळते. लहान मुलांपैकी काही ‘पुढे आली’ असा अर्थ घेतात, म्हणजे लवकर! ‘एक आठवडा उशिरा सुरू होईल’ किंवा ‘एक आठवडा आधी सुरू होईल’ असे म्हटले की प्रश्नच मिटतो.

‘पुढच्या सोमवारी’चेही तसेच आहे. मंगळवारी हे शब्द ऐकणारा एक मुलगा १२ तारीख धरतो, दुसरा १९. ‘येत्या सोमवारी’ थोडे बरे, पण तेवढ्यावरही विसंबू नये. वार आणि तारीख नेहमी जोडीने सांगावी: ‘येत्या सोमवारी, बारा नोव्हेंबरला’. मोठ्या मुलांना तारीख लक्षात राहते, लहानांना वार. शिवाय माइकमधून एक नीट ऐकू आले नाही तर दुसरे सावरून घेते. ‘परवा’ हा शब्द मात्र अशा घोषणेत पूर्ण वर्ज्य ठेवावा. तो मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्यालाही.

आकडे कानाला कसे लागतात

आपले मराठी आकडे वाचायला सोपे, पण लांबून ऐकायला फसवे आहेत. एकोणीस आणि एकोणतीस यांत मधल्या एका अक्षराचा फरक आहे, आणि वारा असेल तर तेच अक्षर हरवते. सहा आणि दहा, तीन आणि तीस, तेवीस आणि चोवीस यांचीही गत तीच. आपल्या उदाहरणातल्या पत्रात एकोणीस, तेवीस आणि तीस एकाच परिच्छेदात येतात. त्यात तीन डिसेंबरची भर पडली की घोटाळा झालाच म्हणून समजा.

मैदानावर दोन कर्णे लावलेले असतील तर आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. एक कर्णा जवळ आणि दुसरा त्याच्यापेक्षा ३५ मीटर लांब असेल, तर दुसऱ्याचा आवाज सुमारे एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येतो आणि लागोपाठ उच्चारलेले आकडे एकमेकांत मिसळतात. यावर मोठ्याने बोलणे हा उपाय नाही. ओरडल्याने दोन्ही आवाज सारखेच वाढतात. तारखेनंतर थांबावे, दोन श्वासांएवढे, आणि तीच तारीख पुन्हा म्हणावी. थांबल्यामुळे मागून येणारा आवाज विरून जातो.

मराठी आकडे ज्यांना चटकन कळत नाहीत अशी मुले आता पुष्कळ शाळांत आहेत. त्यांच्यासाठी ‘सोळा, म्हणजे सिक्स्टीन’ असे जोडायला काहीच हरकत नाही. इथे भाषेची शुद्धता जपण्यापेक्षा मूल योग्य दिवशी शाळेत येणे मोठे.

क्रम चुकला की निम्मी घोषणा गोंगाटात जाते

‘सुट्टी’ हा शब्द कानावर पडताच रांगांत कुजबुज होते, कुठे ‘हुर्रे’ होते, कुठे ‘अरे देवा’. हे होणारच, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. चूक होते ती पहिल्याच वाक्यात तारीख सांगण्याची, कारण ती त्या आवाजात बुडते. पहिले वाक्य मुद्दाम रिकामे ठेवावे: ‘मुलांनो, सुट्टीच्या तारखा बदलल्या आहेत.’ एवढेच बोलून थांबावे. आवाज आपोआप ओसरतो. ‘शांत बसा’ म्हणावेही लागत नाही, कारण पुढचे ऐकण्याची मुलांनाच घाई असते.

दुसरे वाक्य त्यांच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे. तारखा बदलल्या म्हटल्यावर प्रत्येक मुलाला एकच शंका येते: सुट्टी कमी झाली का? तिचे उत्तर मिळेपर्यंत मूल पुढचे काही ऐकत नाही. आपल्या उदाहरणात जुनी सुट्टी शनिवार-रविवार धरून १० ते २५ नोव्हेंबर, म्हणजे १६ दिवस होती. नवी १७ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, म्हणजेही १६ दिवस. तेव्हा ‘सुट्टी कमी झालेली नाही’ हे वाक्य तारखांच्या आधी आले पाहिजे. सुट्टी खरोखरच कमी झाली असेल, तर तेही इथेच स्पष्ट सांगावे: ‘सुट्टी दोन दिवसांनी कमी झाली आहे.’ मुलांना वाईट वाटेल, वाटू द्यावे. गोलगोल बोलून ते लपवले की मुले आकडे मोजत बसतात आणि तारखा निसटतात.

कारण सांगायचे का? एका वाक्यात आणि खरे सांगता येत असेल तर जरूर सांगावे, पण तारखांच्या नंतर. आधी सांगितले तर त्याचीच चर्चा सुरू होते. सांगता येत नसेल तर ‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणण्यापेक्षा काहीच न बोललेले बरे. ते शब्द मुलांना कळत नाहीत आणि मोठ्यांना काही सांगत नाहीत.

सगळे धरून मजकूर कसा होतो

‘मुलांनो, सुट्टीच्या तारखा बदलल्या आहेत.

(थांबा. आवाज ओसरू द्या.)

सुट्टी कमी झालेली नाही. आधी जेवढे दिवस होती, तेवढेच दिवस आहे. फक्त ती एक आठवडा उशिरा सुरू होईल.

आता नीट ऐका. येत्या सोमवारी, बारा नोव्हेंबरला, शाळा आहे. (थांबा.) बारा नोव्हेंबर, सोमवार, शाळा आहे. तो पूर्ण आठवडा शाळा आहे.

सुट्टीआधी शाळेचा शेवटचा दिवस आहे शुक्रवार, सोळा नोव्हेंबर. (थांबा.) शुक्रवार, सोळा नोव्हेंबर. त्या दिवशी शाळेत यायचं आहे. त्यानंतर सुट्टी.

शाळा पुन्हा भरेल सोमवारी, तीन डिसेंबरला. (थांबा.) सोमवार, तीन डिसेंबर.

तुमच्या डायरीत जुन्या तारखा आहेत. आज पहिल्या तासाला वर्गशिक्षक तुम्हाला त्या खोडायला सांगतील आणि नव्या लिहून देतील. ते पान घरी दाखवा. बाहेरगावी जायचं आधीच ठरलं असेल, तर आई-बाबांना वर्गशिक्षकांशी बोलायला सांगा.’

हा मजकूर सावकाश, थांबत थांबत वाचला तरी पटकन संपतो. यात जुन्या सुट्टीच्या तारखा आलेल्या नाहीत, हे लक्षात घ्या. ‘आधी बारा ते तेवीस होती, ती आता…’ अशी सुरुवात करण्याचा मोह फार होतो, कारण आपल्याला फरक दाखवायचा असतो. पण जुनी तारीख मुलांना आधीच पाठ आहे. ती मुख्याध्यापकांच्या तोंडून पुन्हा ऐकली की आणखी पक्की होते. १२ तारीख आली आहे, ती फक्त ‘शाळा आहे’ या शब्दांना चिकटून.

मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि आकडे अक्षरांत लिहावेत. ‘१६’ वाचताना जीभ घसरू शकते, ‘सोळा’ वाचताना सहसा घसरत नाही. आणि याच घोषणेत सहलीचे पैसे, गणवेश, हरवलेली पाण्याची बाटली असे काही जोडू नये. तारखांनंतर जे शेवटचे बोलले जाते, तेच मुले वर्गापर्यंत घेऊन जातात.

‘समजलं का सगळ्यांना?’

या प्रश्नाला सगळी शाळा एका सुरात ‘हो’ म्हणते. ज्याला कळले नाही तोही म्हणतो. हा प्रश्न विचारण्यात गेलेला वेळ वाया जातो.

त्याऐवजी उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न विचारावा, आणि तो मागच्या रांगेतल्या मुलांना. ‘येत्या सोमवारी काय आहे? सुट्टी की शाळा?’ मग ‘सुट्टीनंतर शाळा कोणत्या वारी, किती तारखेला भरणार?’ एखाद्याने चुकीचे सांगितले तर त्याला हसू देऊ नये, कारण त्याच्या चुकीतूनच आपली चूक कळते. तो जुनीच तारीख सांगत असेल, तर नवी तारीख पोहोचली पण जुनी पुसली गेली नाही. एखाद-दुसऱ्या दिवसाने चुकत असेल, तर ‘पासून’ किंवा ‘पर्यंत’ कुठेतरी बोलले गेले आहे. ‘तीस डिसेंबर’ म्हणत असेल, तर अडचण आवाजाची आहे. त्या रांगांना वर्गात पुन्हा सांगायला हवे. आणि तो नुसता गप्प उभा राहिला, तर त्याला बहुधा काहीच ऐकू आलेले नाही. माइक तपासावा.

दुपारी मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच-सहा मुलांना हेच दोन प्रश्न सहज विचारून बघावेत. एका वर्गातली सगळी मुले वेगळेच काही सांगत असतील, तर घोषणा ठीक होती आणि वर्गात ती पुन्हा सांगताना बदलली. हे फार होते. वर्गशिक्षक आपल्या शब्दांत समजावतात, हेतू चांगला असतो, आणि ‘एकोणीसपासून सुट्टी’ हे वाक्य परत येते. म्हणून परिपाठाच्या आधीच प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातात तोच मजकूर द्यावा आणि तेच तीन दिवस फळ्यावर लिहायला सांगावे. शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर दुपारच्या सत्रातही तोच कागद वाचला जावा. सकाळी एक आणि दुपारी दुसरे ऐकलेली भावंडे घरी भांडतात आणि आई-वडील शाळेत फोन करतात.

पहिली-दुसरीच्या मुलांकडून तारखा लक्षात ठेवण्याची अपेक्षा करू नये. त्यांच्यापैकी बहुतेकांना ‘तीन डिसेंबर’ किती लांब आहे, याची कल्पना नसते. त्यांना परिपाठात एकच काम द्यावे: ‘आज मिळालेली चिठ्ठी घरी द्यायची.’ दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर पालकांची सही आली की नाही, ते बाईंनी बघावे.

त्या दिवशी गैरहजर असलेली मुले घोषणेतून हमखास सुटतात. वर्गशिक्षकांनी हजेरीपटावरून त्यांची नावे काढावीत आणि त्यांच्या घरी त्याच दिवशी कळवावे. मूल परत आल्यावर सांगू म्हटले, आणि ते आजारपणामुळे थेट १२ तारखेपर्यंत आलेच नाही, तर त्याच्या घरी अजून जुनीच सुट्टी चालू असते. शाळेची बस आणि व्हॅन चालवणाऱ्यांनाही याच दिवशी सांगावे. मूल दप्तर भरून दारात उभे आहे आणि गाडीच आली नाही, असे त्या सोमवारी होऊ नये.

सूचना फलकावरचे जुने वेळापत्रक काढून टाकावे. नवे त्याच्या शेजारी लावले आणि जुने तसेच राहिले, तर फलकावर दोन सुट्ट्या दिसतात आणि मुले मनाला आवडेल ती वाचतात.

घोषणा चुकलीच असेल तर

समजा, माइकवरून ‘तीस डिसेंबर’ निघून गेले, किंवा कुणी एकोणीसच्या जागी एकोणतीस वाचले. त्याच क्षणी लक्षात आले तर वाक्य पूर्ण करू नये. ‘थांबा, मी चुकीची तारीख सांगितली’ म्हणून योग्य तारीख दोनदा सांगावी. चुकीची पुन्हा उच्चारू नये. ‘मी तीस म्हणालो, तीस नाही, तीन’ असे म्हटले की मुलांच्या कानात दोन तीस आणि एक तीन जातात.

नंतर लक्षात आले तर दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाची वाट पाहू नये. शाळा सुटण्याच्या आत प्रत्येक वर्गात जाऊन सांगावे, डायरीतली ओळ दुरुस्त करून घ्यावी आणि घरी वेगळा निरोप पाठवावा. त्या निरोपात पहिल्याच ओळीत ‘सकाळच्या निरोपात दुरुस्ती’ असे शब्द हवेत. नाहीतर दोन निरोप हातात आल्यावर खरा कोणता, हे पालकांना कळत नाही.

आणि तारखा अजून पक्क्या झाल्या नसतील तर काहीच जाहीर करू नये. ‘बहुधा १९पासून असेल, नक्की नंतर सांगू’ यातला ‘बहुधा’ फाटकाबाहेर पडण्याआधीच गळून जातो आणि घरी पोहोचते ती पक्की तारीख. मुलांमध्ये अफवा सुरू झाली असेल आणि बोलणे भागच असेल, तर फक्त एवढे सांगावे: ‘सुट्टीच्या तारखांबद्दल विचार चालू आहे. शुक्रवारी मी नक्की सांगेन. तोपर्यंत डायरीत काही बदलू नका.’ मग शुक्रवारी खरोखर सांगावे. तोवरही निर्णय झाला नसेल, तरी शुक्रवारी उभे राहून ‘अजून ठरलेलं नाही, आता मंगळवारी सांगेन’ असे बोलावे. शुक्रवार काही न बोलता गेला, तर मुले आपापल्या तारखा ठरवून मोकळी होतात.